फिल्मची लिंक आणि तिच्या आधीच्या दहा ओळी

चित्रपटाचं शूटिंग ठरलं की कॅमेरा भाड्याने घेण्याच्या आधीच दिग्दर्शनाची टीम जमवायला सुरुवात होते. दिग्दर्शकाच्या हाताखाली चार-पाच सहाय्यक लागतात, मोठ्या चित्रपटाला त्याहून जास्त. यातल्या वरच्या एक-दोन जागा आधीच्या कामातून, ओळखीतून ठरलेल्याच असतात. खालच्या जागांसाठी मात्र मेलवर आणि व्हॉट्सअॅपवर अर्जांची रीघ लागते. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही निर्मिती संस्थेत हे अर्ज उघडून पाहिले, तर बहुतेकांत एक ओळ ठरलेली दिसते : ‘सोबत माझ्या शॉर्टफिल्मची लिंक पाठवत आहे, कृपया पाहावी.’

त्या ओळीपाशी अर्ज संपतो, आणि घोटाळाही तिथेच होतो. पाठवणाऱ्याला वाटतं की फिल्म बोलेल. फिल्म बोलतेही, पण ती दिग्दर्शकाबद्दल बोलते. अर्ज असतो सहाय्यक दिग्दर्शकाच्या जागेचा. ही दोन कामं एका टीममधली असली तरी एक नव्हेत, आणि या दोहोंमधलं अंतर भरून काढणं हेच सोबतच्या पत्राचं खरं काम आहे.

सहाय्यक दिग्दर्शक, म्हणजे सेटवरच्या भाषेत ‘एडी’, नेमकं काय करतो हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. तो शॉट ठरवत नाही, अभिनेत्याला भूमिका समजावत नाही. त्याचं काम पटकथा हातात आल्यापासून सुरू होतं. प्रत्येक सीन वाचून त्यात कोण कलाकार आहेत, अंगावर कुठले कपडे आहेत, हातात काय वस्तू आहे, गाडी लागणार का, गर्दीत किती माणसं हवीत, वेळ दिवसाची की रात्रीची, हे सगळं वेगळं काढून तक्ता बनवायचा. याला ‘ब्रेकडाउन’ म्हणतात. सीनची लांबी पानाच्या आठव्या भागात मोजायची पद्धत आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट धरतात आणि सव्वादोन पानांचा सीन दोन पूर्णांक दोन अष्टमांश असा लिहितात. दिवसभरात किती पानं होतील याचा अंदाज त्यावरून बांधला जातो.

मग येतं शेड्यूल. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने सहसा शूट होत नाही. तो जागेच्या क्रमाने होतो. वाड्यातले सगळे सीन एकदम उरकायचे, मग स्टँडवरचे, मग शेतातले. त्यामुळे नायकाच्या कपाळावरची जखम गोष्टीत दहाव्या सीनला होते आणि शूटिंगमध्ये जखमेनंतरचा पंधरावा सीन आधी येतो. जखम कुठल्या बाजूला, किती मोठी, पट्टी कशी बांधलेली, हे कोणीतरी लिहून आणि फोटो काढून ठेवावं लागतं. ही कंटिन्युइटी. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची ‘कॉलशीट’ निघते. त्यात कोणी कुठे किती वाजता पोचायचं, मेकअपला किती वेळ, कुठले सीन कुठल्या क्रमाने, सूर्य कधी उगवतो आणि मावळतो, जवळचं हॉस्पिटल कुठलं, इथपर्यंत सगळं असतं.

आणि क्लॅप. बहुतेक जण या टीममध्ये शिरतात ते क्लॅप हातात घेऊनच. राज कपूर केदार शर्मांकडे क्लॅप देत असत, हे सिनेमाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. पाटीवर सीन, शॉट आणि टेकचा आकडा लिहायचा, तो मोठ्याने सांगायचा आणि फळी आपटायची. त्या एका ‘खट्’ आवाजावरून संकलनाच्या वेळी चित्र आणि ध्वनी जुळवले जातात. आवाजाशिवाय घेतलेल्या शॉटला फळी आपटत नाहीत, उघडी धरतात. शॉट संपल्यावर क्लॅप दिला तर पाटी उलटी धरतात, म्हणजे हा शेवटचा क्लॅप आहे हे संकलकाला कळतं. पाटीवरचा आकडा एकदा चुकला की संकलकाच्या टेबलावर तो अर्ध्या दिवसाचा घोळ होऊन बसतो.

आता या माणसाची निवड कोण करतं ते पाहू. नवख्याचा अर्ज दिग्दर्शकापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. तो वाचतो चीफ किंवा फर्स्ट एडी, कारण नवा माणूस त्याच्या हाताखाली राबणार असतो आणि त्याने केलेली चूक चीफलाच निस्तरावी लागते. या वाचकाच्या मनात अगदी व्यवहारी प्रश्न असतात. हा मुलगा पहाटे पाचला लोकेशनवर पोचेल का? एखादी वस्तू विसरली तर दडवेल की लगेच सांगेल? यादी करता येते का? तीस-चाळीस माणसांसमोर आवाज निघतो का? फ्रेम किती सुंदर आहे याचं त्याला कौतुक असेलही, पण तो शोधत असतो ते फ्रेमच्या बाहेरचं.

तरीही शॉर्टफिल्म पाठवण्याची रीत आपल्याकडे का पडली, याला कारण आहे. अमेरिकेत फर्स्ट एडीची वाट सहसा दिग्दर्शनाकडे जात नाही. ती प्रॉडक्शन मॅनेजर, लाइन प्रोड्यूसर अशा व्यवस्थापनाच्या बाजूला वळते. भारतात मात्र सहाय्यक हा उद्याचा दिग्दर्शक मानला जातो. व्ही. शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत घडले, गुरुदत्त आधी दुसऱ्यांचे सहाय्यक होते, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या सेटवर करण जोहर सहाय्यक होते. म्हणून इथला दिग्दर्शक सहाय्यक घेताना त्याची नजरही पाहतो. त्यातच गेल्या वीसेक वर्षांत मराठीत शॉर्टफिल्मला वजन आलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये केलेल्या ‘गिरणी’मुळे उमेश कुलकर्णी हे नाव लोकांपर्यंत पोचलं, ‘वळू’ नंतर आला. नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘फँड्री’च्या कितीतरी आधी.

ही उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवून तरुण मंडळी अर्ज करतात आणि इथेच गल्लत करतात. ‘गिरणी’ किंवा ‘पिस्तुल्या’ने सिद्ध झाला तो दिग्दर्शक. एडीच्या अर्जासोबत जाणाऱ्या फिल्मने सिद्ध व्हायला हवं की ती फिल्म ठरल्या वेळात, ठरल्या पैशात, माणसांचे हाल न करता पूर्ण कशी झाली. पडद्यावर ते दिसत नाही. ते पत्रातच सांगावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, कऱ्हाडजवळच्या गावातली चोवीस वर्षांची एक मुलगी आहे. पुण्यात तिने माध्यमांचा अभ्यासक्रम केला, मित्रांच्या दोन फिल्मवर काम केलं आणि स्वतःची अकरा मिनिटांची एक फिल्म केली. फिल्मचं नाव ‘मुक्कामाची गाडी’. गावात रात्री मुक्कामाला येणाऱ्या एसटीची वाट पाहत थांबलेले आजोबा आणि नऊ वर्षांची नात, एवढीच गोष्ट. एका मराठी चित्रपटासाठी एडी हवेत असं तिला कळतं आणि ती पत्र लिहायला बसते.

पहिल्या खर्ड्यात ती लिहिते की लहानपणापासून तिला सिनेमाचं वेड आहे, दिग्दर्शकांचे सगळे चित्रपट तिने पाहिलेत, ती मेहनती आणि जिद्दी आहे, पुढे तिला दिग्दर्शक व्हायचं आहे, तिच्या फिल्मची चार महोत्सवांत निवड झाली आहे आणि लिंक खाली दिली आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण चीफला यातून काहीच हाती लागत नाही, कारण हीच वाक्यं कुठल्याही अर्जात कुणाच्याही नावाखाली चालतील. वेड सगळ्यांनाच असतं. मेहनती असल्याचं स्वतःच सांगून कोणाला पटत नाही. महोत्सवांचं म्हणाल, तर पैसे भरून दर महिन्याला शिक्के वाटणारे ऑनलाइन महोत्सव इतके झालेत की धंद्यातली माणसं त्या गव्हाच्या ओंब्यांसारख्या चिन्हांकडे पाहतही नाहीत. पुण्याचा ‘पिफ’ किंवा मुंबईचा ‘मिफ’ असेल तर गोष्ट वेगळी. दिग्दर्शक व्हायचंय हे वाक्य तर उलटं लागू शकतं. चीफला आत्ता पाटीवर बरोबर आकडा लिहिणारा माणूस हवा आहे.

या मुलीकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, ते तिने खर्ड्यात घेतलंच नाही, एवढंच. फिल्म दोन दिवसांत झाली. नऊ सीन, तीन जागा : घर, शाळेची गल्ली आणि एसटीचा थांबा. चार कलाकार, थांब्यावर उभे राहायला गावातले बारा जण, आणि युनिट आठ माणसांचं. नात नऊ वर्षांची, आणि इथे कायदा आडवा येतो. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या पुढे ताणता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही घ्यावी लागते. म्हणजे शेड्यूल आजोबांच्या किंवा कॅमेऱ्याच्या सोयीने नव्हे, तर नातीच्या पाच तासांभोवती बांधावं लागलं. तिचे घरातले सीन पहिल्या दिवशी सकाळी, दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं थेट दुपारी दोनला, कारण संध्याकाळी थांब्यावरचा मुख्य सीन होता.

तो मुख्य सीन तर एडीच्या कामाचा नमुनाच आहे. गाडी येते ती दिवस मावळल्यावर, आकाशात अजून निळसर उजेड असताना. महाराष्ट्रात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुढचा तो उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. या अक्षांशावर संधिप्रकाश आखूडच असतो. युरोपातल्या फिल्ममधले तासभर रेंगाळणारे संधिप्रकाश आपल्याकडे मिळत नाहीत. त्या वेळेत चार शॉट घ्यायचे होते. शिवाय महामंडळाची गाडी शूटिंगसाठी घ्यायची तर रीतसर परवानगी आणि भाडं, ते बजेटमध्ये बसेना. मग ठरलं की गाडी दाखवायचीच नाही. टेम्पोचे हेडलाइट आजोबांच्या तोंडावर फिरतील आणि एसटीचा आवाज नंतर घालायचा, थांब्यावर जाऊन वेगळा रेकॉर्ड करून. चार वाजता टेम्पोच्या जागेवर विटा मांडून तालीम झाली, सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला शॉट लागला आणि पंचवीसला चौथा संपला.

पडद्यावर पाहणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला दिसतो म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सरकणारा उजेड. छान दिसतो, बस. पण चीफला ही हकिगत तीन ओळींत सांगितली की तोच शॉट तो वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

आणखी एक गोष्ट आहे. पाचव्या सीनमध्ये विळीवर आजोबांचा डावा अंगठा कापतो. आठवा सीन, रात्रीचा, अंगठा कापून झाल्यानंतरचा. पण घरातला म्हणून तो पहिल्या दिवशी, पाचव्याच्या आधी शूट झाला. म्हणजे न कापलेल्या अंगठ्याला आधी पट्टी बांधून आठवा सीन घेतला आणि दुसऱ्या दिवशी पट्टीशिवाय पाचवा. पट्टी डाव्या हाताला, दोन वेढे, गाठ आतल्या बाजूला, अशी नोंद तिच्या वहीत आहे. फिल्ममध्ये २ मिनिटं १५ सेकंदांना आजोबांचा हात मोकळा दिसतो, ८ मिनिटं ४० सेकंदांना पट्टी दिसते. कोणीही जाऊन तपासू शकतो.

चूकही आहे. ५ मिनिटं ३० सेकंदांना लांबच्या शॉटमध्ये चहाचा ग्लास भरलेला आहे आणि लगेच जवळच्या शॉटमध्ये अर्धा. सराईत माणूस फिल्म पाहताना अशाच जागा हेरतो : ग्लासातली पातळी, भिंतीवरचं घड्याळ, उदबत्तीची उंची, आणि सगळ्यात आधी सावल्या. एकाच संभाषणात एकाच्या तोंडावर सकाळची लांब सावली आणि समोरच्याच्या तोंडावर भर दुपार असेल, तर शेड्यूल कोलमडलं होतं हे तो न सांगता ओळखतो. म्हणून चूक लपवण्यात अर्थ नसतो. ती आपल्याला दिसली आहे आणि पुढे काय बदल केला, हे एका वाक्यात लिहिलं तर चीफच्या दुसऱ्या प्रश्नाला, दडवेल की सांगेल या प्रश्नाला, उत्तरच मिळून जातं.

हे सगळं धरून तिचं पत्र पुन्हा लिहिलं तर साधारण असं होईल :

‘नमस्कार सर,
आपल्या आगामी मराठी चित्रपटासाठी एडी घेत आहात असं समजलं. क्लॅप, कंटिन्युइटी किंवा ज्युनिअर आर्टिस्ट, यांपैकी कुठल्याही कामासाठी मी अर्ज करत आहे. १ नोव्हेंबरपासून मोकळी आहे, आउटडोअर चालेल. राहते पुण्यात, घर कऱ्हाडजवळ.
मागच्या वर्षी मित्राच्या १८ मिनिटांच्या फिल्मवर चार दिवस सेकंड एडी होते. रोजची कॉलशीट आणि कंटिन्युइटी माझ्याकडे होती.
सोबत माझी ११ मिनिटांची ‘मुक्कामाची गाडी’. कथा, दिग्दर्शन आणि शेड्यूल माझं. कॅमेरा आणि संकलन दुसऱ्यांचं, नावं शेवटी आहेत. नऊ सीन, तीन जागा, दोन दिवस. मुलगी नऊ वर्षांची असल्याने दोन्ही दिवस तिच्या पाच तासांभोवती आखले. वेळ कमी असेल तर फक्त ०९:०५ ते १०:१० पाहावं : मावळतीनंतरच्या वीस मिनिटांत चार शॉट घेतले, एसटी न मिळाल्याने टेम्पोच्या दिव्यांवर. ०५:३० ला चहाच्या ग्लासाची कंटिन्युइटी चुकली आहे. त्यानंतर मित्राच्या फिल्मवर प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवत गेले.
या फिल्मचा ब्रेकडाउन आणि दुसऱ्या दिवसाची कॉलशीट जोडली आहे.’

खाली नाव, फोन नंबर आणि लिंक. पुरतं. फोनच्या पडद्यावर हे पत्र जेमतेम दोनदा सरकवावं लागतं, आणि ते फोनवरच वाचलं जाणार आहे. पत्र इंग्रजीत लिहिण्याची पद्धत हिंदी चित्रपटांच्या कंपन्यांत आहे. मराठी चित्रपटाच्या चीफला मराठीत लिहिलं तर काही बिघडत नाही. इंग्रजी अवघडत असेल तर मराठीच बरं, कारण सेटवर दिवसभर ज्या भाषेत ओरडायचं आहे ती भाषा त्याला पत्रातच ऐकू येते.

या पत्रातल्या दोन गोष्टींवर जरा थांबायला हवं. पहिली, मिनिट-सेकंदांचा आकडा. अकरा मिनिटं हा चीफच्या दिवसातला मोठा वेळ आहे. पासष्ट सेकंद तो सहज देतो, आणि ते आवडले तर बाकीची फिल्म आपणहून पाहतो. कुठले पासष्ट सेकंद हे आपण ठरवलं नाही तर तो सुरुवातीचे बघणार, आणि शॉर्टफिल्मचे सुरुवातीचे सेकंद म्हणजे बहुधा निर्मात्यांची नावं आणि उगवता सूर्य. दुसरी गोष्ट, कोणाचं काम काय याची कबुली. या व्यवसायात माणसं थोडी आणि फोन फार. छायाचित्रकाराची कामगिरी स्वतःच्या नावावर सांगितली तर ते दोन दिवसांत उघडं पडतं. उलट दुसऱ्याच्या फिल्मवर चार दिवस कॉलशीट काढली, हे वाक्य स्वतःच्या दिग्दर्शनापेक्षा या जागेसाठी जास्त मोलाचं ठरतं. त्यामुळे दोन्ही अनुभव असतील तर दुसऱ्याच्या हाताखालचा आधी लिहावा.

जोडायच्या कागदांचंही एक पथ्य आहे. आपल्या फिल्मची कॉलशीट जोडताना त्यावरचे सगळे फोन नंबर आणि घरचे पत्ते झाकायचे. आणि ज्या व्यावसायिक चित्रपटावर उमेदवारी केली त्याची कॉलशीट, पटकथेचं पान किंवा सेटवरचे फोटो कधीच जोडायचे नाहीत. आपली छाप पडावी म्हणून मुलं ते करतात, आणि वाचणारा मनात म्हणतो, उद्या हा माझीही कागदपत्रं अशीच वाटेल. स्वतःच्या पुढच्या चित्रपटाची कथा जोडणंही टाळावं. न मागता आलेल्या कथा बऱ्याच कंपन्या उघडतच नाहीत, कारण पुढेमागे आमची कथा चोरली असा दावा होण्याची त्यांना धास्ती असते. कथेची फाइल दिसली की अख्खा मेल बाजूला पडतो.

लिंकबद्दल बोलायचं तर तिथे होणाऱ्या चुका अगदी साध्या आणि म्हणूनच वाईट आहेत. फिल्म मेलला जोडता येत नाही. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे. मग ती गूगल ड्राइव्हवर टाकली जाते आणि परवानगीचा पर्याय बदलायचा राहतो. चीफने लिंक दाबली की परवानगी मागा अशी पाटी येते. तो मागत नाही, पुढच्या अर्जाकडे जातो. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलेली फिल्म लिंक असलेल्या कोणालाही दिसते. ‘प्रायव्हेट’ ठेवलेली दिसत नाही. व्हिमिओवर पासवर्ड ठेवला असेल तर तो त्याच ओळीत लिहावा, वेगळ्या मेलमध्ये नव्हे. फिल्म सगळ्यांसाठी खुली करायची की नाही हेही आधी ठरवावं लागतं, कारण काही महोत्सव आधीच इंटरनेटवर आलेली फिल्म घेत नाहीत. अनलिस्टेड किंवा पासवर्डची लिंक ही अशा वेळी सुरक्षित वाट.

संगीताची गोष्ट तर अनेकांच्या मुळावर येते. पार्श्वभूमीला एखादं प्रसिद्ध गाणं परवानगीशिवाय वापरलं की यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते, आणि हक्कदाराने ठरवलं असेल त्याप्रमाणे फिल्म अडवली जाते किंवा आवाज बंद होतो. करणाऱ्याला हे कळायला वेळ लागतो. तोवर चीफने मुकी फिल्म पाहिलेली असते. आणि आवाज चालला तरी प्रश्न उरतोच. परवानग्या सांभाळणं हे ज्या टीमचं काम, तिच्यात येणाऱ्या माणसाने पहिल्याच फिल्ममध्ये परवानगी घेतलेली नाही, हे त्या गाण्यातून ऐकू येतं. यावर उपाय असा की पत्र पाठवण्याआधी लिंक दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, त्याच्या अकाउंटवरून, हेडफोनशिवाय उघडून शेवटपर्यंत बघावी. संवाद फोनच्या स्पीकरवर कळत नसतील तर सबटायटल टाकावीत, फिल्म मराठी आणि वाचणारा मराठी असला तरी.

मेलच्या विषयाच्या ओळीतही काम होऊ शकतं. ‘अर्ज’ किंवा ‘संधी मिळावी’ असं लिहिलेले मेल दिवसाला कितीतरी येतात. त्याऐवजी ‘एडी (क्लॅप/कंटिन्युइटी), पुणे, १ नोव्हेंबरपासून मोकळी’ असं लिहिलं तर मेल न उघडताही उपयोगाची माहिती मिळते, आणि तीन आठवड्यांनी अचानक माणूस हवा झाला की चीफ नेमके हेच शब्द टाकून शोधतो.

पाठवायचं कधी, हेही महत्त्वाचं आहे. टीम शूटिंगच्या दोन-तीन महिने आधी जमू लागते. ब्रेकडाउन आणि रेकी त्याच काळात होतात. चित्रपटाचा मुहूर्त झाल्याच्या बातम्या वाचून पाठवलेलं पत्र बहुतेकदा उशिरा पोचलेलं असतं. पण तरीही ते पाठवावं. शूटिंग सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी आजारी पडतो, कोणाला बारा-चौदा तासांचा दिवस झेपत नाही, कोणाला दुसरीकडे जास्त पैसे मिळतात, आणि दुसऱ्या शेड्यूलच्या आधी एखादी जागा रिकामी होते. आठवड्याभराने एका ओळीची आठवण करून द्यायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त नको. रोज ‘सर, फिल्म पाहिली का?’ असं विचारणाऱ्याला चीफ सेटवर घेत नाही, कारण तिथेही तो असाच मागे लागेल असं त्याला वाटतं.

पत्राला लेखी उत्तर क्वचित येतं. येतो तो फोन, पॅकअप झाल्यावर, रात्री अकराच्या पुढे, अनोळखी नंबरवरून, आणि पलीकडून विचारतात, परवा पहाटे वाईला पोचता येईल का. म्हणून नंबर पत्राच्या शेवटी नव्हे, पहिल्या ओळीतच द्यावा आणि पत्र पाठवल्यापासून फोन सायलेंटवर ठेवू नये.